189 च्या पुढचा आकडा

आमच्या गल्लीत राहणारा एक मुलगा (मुलगा म्हणजे माझ्या लेखी; त्याला स्वतःला दोन मुलं आहेत) मागच्या दिवाळीत जुनं घर आवरताना सापडलेला एक कागद घेऊन आला. त्याचे खापरपणजोबा साताऱ्याच्या जिल्हा कोर्टात नाझराच्या हाताखाली कारकून होते. त्यांना जज्जसाहेबांनी दिलेला चांगल्या चालीचा दाखला, इंग्रजीत, चार ओळींचा. हा कारकून नेकीचा आहे, अक्षर चांगलं आहे, मी आता नोकरीतून जात असल्यामुळे त्याच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहून देतो, असा मजकूर. खाली सही: एस. टागोर.

हे टागोर म्हणजे रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ. उभी नोकरी मुंबई इलाख्यात केली आणि 1897 साली साताऱ्याहून निवृत्त झाले. तेव्हा दाखला घरच्यांनी उराशी धरावा असाच. अडचण एकच. कागदाच्या डोक्यावर गावाचं नाव आणि '189' एवढं छापलेलं, पुढचा आकडा हातानं घालायचा अशी त्या काळच्या कागदांची रीत. तो शेवटचा आकडाच कसरीनं खाल्ला होता.

"काका, फ्रेम करायचीय. खाली साल टाकायचंय. तुम्ही आस्थापनेत होता ना?"

होतो. एकतीस वर्षं आस्थापना शाखेत काढली. लोकांची सेवापुस्तकं भरणं, ज्येष्ठता यादी लावणं आणि ती यादी चुकली म्हणून शिव्या खाणं हा माझा धंदा. निवृत्तीनंतर जुन्या साहेबांच्या याद्या वाचायची खोड लागली ती त्यातूनच. सिव्हिल लिस्ट उघडली की मला परक्या देशात आल्यासारखं वाटत नाही. रकाने आमचेच आहेत.

या याद्या तीन जातींच्या, आणि त्यांची गल्लत झाली की पुढचं सगळं बिघडतं. पहिली दर तिमाहीची, मुंबई सरकारची क्वार्टर्ली सिव्हिल लिस्ट: अमुक तारखेला कोण कुठल्या खुर्चीवर आहे. ही हजेरी. दुसरी हिस्टरी ऑफ सर्व्हिसेस: एकेका अधिकाऱ्याच्या नावाखाली त्याच्या सगळ्या नेमणुका, रजा आणि बढत्या तारीखवार. हे सेवापुस्तक. तिसरी लंडनहून 1886 पासून निघू लागलेली वार्षिक इंडिया ऑफिस लिस्ट. तिच्या शेवटच्या भागात माणसामागे पाच-सात ओळी: अमुक सालच्या परीक्षेनंतर नेमणूक, अमुक तारखेला आगमन, मग हुद्दे, मग निवृत्ती. ही म्हणजे निरोपसमारंभात वाचून दाखवतात ती 'अल्पशी ओळख'. हौशी माणूस सगळ्यात आधी तिच्याकडे जातो, कारण ती आटोपशीर असते आणि स्कॅन होऊन घरबसल्या मिळते. निम्म्या चुका तिथंच होतात.

'नोकरीत रुजू' ही तारीखच घ्या. सत्येंद्रनाथ कधी रुजू झाले? कुणी 1863 लिहितं, कुणी 1864, आणि 1865 लिहिणाऱ्यालाही अगदीच चूक म्हणता येत नाही. 1863 च्या जूनमध्ये लंडनच्या परीक्षेत त्यांची निवड झाली. पण निवड झाली की लगेच बोटीत बसायचं नसे. विलायतेतच उमेदवारी करायची, कायदा आणि इथल्या भाषा शिकायच्या, शेवटची परीक्षा द्यायची, सरकारशी करारनामा करायचा. मग बोट. ते परत आले 1864 च्या नोव्हेंबरात. सुरुवातीचे काही महिने मुंबईत गेले आणि 1865 मध्ये अहमदाबादेला असिस्टंट कलेक्टर म्हणून पहिलं खरं काम मिळालं. तीन वर्षं, तिन्ही बरोबर. तुम्ही विचारता काय त्यावर उत्तर ठरतं. कुठल्या तुकडीचा हे हवं असेल तर परीक्षेचं साल घ्यावं. नोकरी किती झाली, पेन्शन कधी बसेल, हे पाहायचं तर आगमनाची तारीख जवळची. पहिली सही कुठल्या कागदावर असेल हे हवं असेल तर पहिली नेमणूक.

इथं एक ताळा आहे, तो मला फार आवडतो. परीक्षा आणि आगमन यांच्यातलं अंतर काळाप्रमाणे बदलत गेलं. सत्येंद्रनाथांच्या वेळी ते वर्ष-दीड वर्षाचं होतं. पुढं उमेदवारी दोन वर्षांची झाली. मुंबई गॅझेटिअरचे संपादक जेम्स कॅम्बेल 1867 ची परीक्षा पास होऊन 1869 च्या नोव्हेंबरात मुंबईला आले ते त्यामुळे. 1892 पासून परीक्षेला बसायचं वय वाढवलं आणि उमेदवारी एका वर्षावर आणली. म्हणून 1880 च्या आसपासचा एखादा साहेब परीक्षेच्याच वर्षी हिंदुस्थानात आल्याचं दिसलं, तर समजायचं की कुणीतरी रकाना चुकून वाचलाय, नाहीतर हा माणूस परीक्षेच्या वाटेनं आलेलाच नाही.

जन्मतारखेवरही आंधळा विश्वास टाकू नये. 1869 च्या परीक्षेत चार हिंदी मुलं उत्तीर्ण झाली: रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर. शेवटच्या दोघांना वयाच्या मुद्द्यावर काढून टाकलं. कारण साधं होतं. आपल्याकडे सोळावं लागलं की वय सोळा सांगत, साहेब पुरी झालेली वर्षं मोजे. शाळेच्या दाखल्यातलं वय एका पद्धतीचं, अर्जातलं दुसऱ्या. प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं आणि दोघांना परत घेतलं. माझ्या नोकरीत शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून किती भांडणं झाली ते आठवलं, की या ठाकुरांबद्दल मला जरा जास्तच आपुलकी वाटते.

आणि हे ठाकूरही मुंबई इलाख्यातच नोकरीला! एकाच इलाख्यात एक टागोर, एक ठाकूर. बंगालीत तर दोघंही ठाकूरच. इंग्रजी यादीत T-A आणि T-H अशा स्पेलिंगमुळे दोघं वेगळे राहतात. पण जुन्या मराठी बातमीत नुसतं 'ठाकूर साहेब' असेल, तर यादी हाताशी घेतल्याशिवाय पुढं जाऊ नये. शिवाय हिंदी माणसाचं नाव कुठल्या अक्षराखाली लावायचं याबद्दल छापणाऱ्याचं एकमत नसे. टागोर T खाली शोधा, नाही सापडले तर S खालीही बघा. आमच्या पोराच्या कागदावर सही इंग्रजीत होती, म्हणून हा घोळ टळला.

आता नेमणुका. सत्येंद्रनाथांच्या बाबतीत एक सोय आहे: घरचे लोक लिहिणारे होते. त्यामुळे यादी नसतानाही काही खुंट्या मिळतात. 1865, अहमदाबाद. 1873 च्या 29 डिसेंबरला मुलगी इंदिरा जन्मली ती कलादगीला. 1878 मध्ये सतरा वर्षांचे रवींद्रनाथ विलायतेला जाण्याआधी भावाकडे राहिले, पुन्हा अहमदाबादेत, शाहीबागेतल्या जज्जाच्या बंगल्यात. 1883 मध्ये कारवार. 1889 मध्ये सोलापूर. शेवट सातारा.

नुसती पहिली आणि तिसरी खुंटी पाहिली तर कुणीही लिहून जाईल, '1865 ते 1878 अहमदाबाद येथे'. मधली कलादगी म्हणते, नाही. दोन अहमदाबादा निराळ्या आहेत. पहिल्या वेळी ते महसुलाकडचे असिस्टंट कलेक्टर, दुसऱ्या वेळी न्यायखात्यात. मुंबई इलाख्यातली ही नेहमीची वाट होती. सुरुवात सगळ्यांची कलेक्टराच्या हाताखाली, मग काही जण जज्जाच्या रांगेत जात. यादीत महसूल आणि न्याय यांची पानं वेगळी. कलेक्टरकचेरीच्या पानांवर माणूस शोधत बसलं की तो एका वर्षी गडप होतो आणि आपण समजतो रजेवर गेला असेल. तो पन्नास पानं पुढं, जज्जांच्या रांगेत बसलेला असतो.

खुंटीवरच्या गावाचं नावही यादीत तसंच मिळेल असं नाही. कारवारचा जज्ज 'कानडा' जिल्ह्यापुढे सापडतो, कारण यादी जिल्ह्यानं चालते, गावानं नाही. कलादगी हा तेव्हा जिल्हा होता. 1885 मध्ये ठाणं विजापूरला हललं आणि जिल्ह्याचं नावही विजापूर झालं. 1873 च्या यादीत विजापूर जिल्हा शोधणारा हात हलवत परत येतो.

खुंट्यांच्या मधली जागा भरायची ती तिमाही यादीनं. 1864 च्या शेवटापासून 1897 पर्यंत तेहतीस वर्षं, वर्षाला चार म्हणजे सव्वाशेच्या वर अंक. सगळे चाळायची गरज नसते. आधी दर वर्षाचा जानेवारीचा अंक पाहायचा आणि माणसापुढचं गाव लिहीत जायचं. जिथं गाव बदललं त्या दोन जानेवाऱ्यांमधले अंक उघडायचे. बदल एप्रिल ते जुलैमध्ये पडला असं कळलं, की मग त्या तीन महिन्यांचं मुंबई सरकारचं गॅझेट घ्यायचं. तिथं साध्या दोन ओळींची नोटीस असते: अमुक साहेबांनी चार्ज दिला आणि तमुक साहेबांनी घेतला, अमुक तारखेला, दुपारच्या आधी किंवा नंतर. आम्ही अजूनही 'मध्यान्हपूर्व' आणि 'मध्यान्होत्तर' लिहितो ते तिथूनच आलेलं. त्या अर्ध्या दिवसाचा पगार कुणाच्या नावावर पडणार हा प्रश्न तेव्हाही होता.

ही नोटीस हाती आली की हुकूम आणि हजेरी यांतला फरक कळतो. हुकमाची तारीख एक, चार्ज घेतल्याची दुसरी, मध्ये प्रवासाचे आणि कधीकधी टाळाटाळीचे दिवस. यादी यातलं काहीच सांगत नाही. तिला ठाऊक असतो फक्त तिचा एक दिवस.

त्या एका दिवसाची मर्यादा किती असते त्याचं उदाहरण पुण्याचंच देतो. रँडवर गोळी झाडली 22 जून 1897 च्या रात्री, तो मेला 3 जुलैला. म्हणजे 1 जुलैपर्यंतची दुरुस्ती असलेली यादी प्रामाणिकपणे केली असेल, तर त्यात रँड हयात आणि नोकरीत असायला हवा. ती छापून लोकांच्या हाती पडली तोवर त्याला पुरून झालं होतं. यादीत नाव आहे म्हणून माणूस त्या महिन्यात कामावर होता असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मुखपृष्ठावरची 'अमुक तारखेपर्यंत दुरुस्त' ही ओळ आधी टिपून घ्यायची; छापल्याचं साल दुय्यम.

सगळ्यात जास्त फसगत होते ती बढतीच्या रकान्यात. आमच्याकडे कायम, स्थानापन्न, प्रभारी हे शब्द ज्यानं सोसलेत त्याला हे समजवावं लागणार नाही. जुन्या यादीत एकाच माणसाला दोन हुद्दे असतात: एक त्याचा मूळचा, कायमचा, दुसरा सध्या जे काम तो करतोय ते, 'अ‍ॅक्टिंग' म्हणून. यांच्या अध्येमध्ये 'सब. प्रो टेम.' नावाचं एक लॅटिन प्रकरण. म्हणजे तात्पुरतं कायम. हसू नका, आम्हीही असले शब्द चालवलेत.

हे असं का, ते पगाराच्या पानावर कळतं. साहेबांना विलायतेची लांब रजा मिळे, फर्लो. वर्ष-दीड वर्ष माणूस गायब, पण त्याची खुर्ची त्याच्याच नावावर. एखाद्या जिल्ह्याचा कलेक्टर फर्लोवर गेला की त्याच्या जागी पहिला असिस्टंट अ‍ॅक्टिंग कलेक्टर, त्याच्या जागी दुसरा असिस्टंट अ‍ॅक्टिंग पहिला, अशी सगळी माळ एकेक मणी वर सरके. साहेब परतला की सगळे मणी खाली. त्यामुळे एप्रिलच्या यादीत 'कलेक्टर' दिसणारा माणूस ऑक्टोबरात 'असिस्टंट' दिसतो. हे पाहून त्याच्यावर काहीतरी ठपका आला असणार अशी कथा रचणारा लेख मी स्वतः एका दिवाळी अंकासाठी लिहिला होता. अगदी रंगवून. छापायच्या आधी माझ्याच टिपणातला 'अ‍ॅ.' डोळ्यांसमोर आला आणि एकट्यानंच कानाची पाळी धरली. एकतीस वर्षं आस्थापनेत!

उलटही होतं. माणूस त्याच गावात, त्याच खुर्चीत, आणि श्रेणी मात्र वर गेलेली, कारण वरच्या कुणीतरी पेन्शन घेतली. गाव बदललं नाही म्हणून बढती झाली नाही असं नव्हे. म्हणून मी वहीत चार रकाने आखतो: तारीख, कायम हुद्दा, प्रत्यक्ष काम, गाव. पाचवा रजेचा. इंडिया ऑफिस लिस्ट हे पाचही रकाने एका ओळीत कोंबते, त्यात अ‍ॅक्टिंगची वर्षं बऱ्याचदा गळतात किंवा कायम झाल्याचं सालच तेवढं राहतं. कॅम्बेलसारख्या माणसाची मग पंचाईत होते. 1873 पासून तो गॅझेटिअरच्या कामावर, 1880 मध्ये मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर म्हणून काम पाहणारा. अशा माणसाची खुर्ची एकीकडे, मूळ जागा दुसरीकडे. मूळ जागेच्या जिल्ह्याची यादी वाचून 'तेव्हा तो आमच्या तालुक्यात हिंडला' असं गावाच्या इतिहासात घालू नये. घातलेलं मी पाहिलंय.

आता आपला कागद.

आकडा 0 ते 7 मधला. सोलापूरची खुंटी 1889 ची, म्हणजे सातारा त्यानंतर. पण दाखल्यातलं एक वाक्य यादीपेक्षा कामाचं निघालं: 'मी आता नोकरीतून जात असल्यामुळे'. हे बदलीचं वाक्य नाही, निवृत्तीचं आहे. निवृत्ती 1897. मग साल 1897, झालं की! पोरगा उठायलाच लागला होता.

पण नोकरीतून जाणं आणि निवृत्त होणं एका दिवशी होईल असं नसतं. आयसीएसचा हिशेब असा: पंचवीस वर्षं नोकरी, त्यातली एकवीस प्रत्यक्ष काम, की वर्षाला हजार पौंडांची पेन्शन. सत्येंद्रनाथांची तर तेहतीस होत आली होती. अशा वेळी साहेब लोक शिल्लक राहिलेली रजा आधी घेत आणि रजेच्या शेवटाला निवृत्ती लावत. त्या मधल्या काळात यादीत नाव तसंच राहतं, पुढं 'फर्लोवर', आणि शेजारी दुसरा कुणीतरी अ‍ॅक्टिंग जज्ज. कारकुनांना दाखले कधी देणार? शेवटचा चार्ज देताना. रजा संपल्यावर कुणी दाखले द्यायला परत येत नाही. म्हणजे रजा लांबली असेल तर कागद 1896 चा, नसेल तर 1897 चा. 6 की 7.

हे सोडवायला कायम हुद्द्याचा रकाना कुचकामी आहे. 1896 आणि 1897 च्या तिमाही याद्यांत साताऱ्यापुढे अ‍ॅक्टिंगच्या रकान्यात दुसरं नाव पहिल्यांदा कधी येतं ते पाहायचं आणि मग त्या तिमाहीचं गॅझेट. किंवा हिस्टरी ऑफ सर्व्हिसेस. तिच्यात एक मेख आहे. तिच्यात फक्त नोकरीत असलेले लोक असतात, निवृत्त झाला की पुढच्या आवृत्तीत तो नाही. म्हणून ते जाण्याच्या आधीची शेवटची आवृत्ती लागते, नंतरची नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत या हिस्टऱ्या IOR/V/12 खाली आणि तिमाही याद्या IOR/V/13 खाली लावलेल्या आहेत. आपल्याकडे मुंबईच्या पुराभिलेखागारात जावं. नेटवर जे अंक आहेत ते सलग नाहीत, आणि संगणकाच्या शोधाला हे उभे-आडवे रकाने वाचता येत नाहीत; टागोरांच्या पुढं शेजारच्या साहेबाचा पगार चिकटतो. पानं डोळ्यांनीच वाचावी लागतात.

मला नेटवर जे अंक मिळाले त्यांत नेमके हवे ते नाहीत. मुंबईला जायचं म्हणतोय, पण गुडघा नको म्हणतोय. पोराला हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, चहा प्यायला आणि विचारलं, "म्हणजे काका, एका आकड्यासाठी एवढं?"

"सेवापुस्तकात मी अंदाजानं आकडा टाकला असता तर चाललं असतं का?"

तो हसला. फ्रेम परवा करून आणली. खाली पितळी पट्टी आहे, तिच्यावर खापरपणजोबांचं नाव, 'सातारा जिल्हा कोर्ट', आणि पुढं 189. शेवटच्या आकड्याची जागा कारागिराकडून कोरी सोडून घेतलीय. नंतर कोरता येईल इतकी.